‘हा माझा बायको’ : चित्रावरच्या दोन ओळी आणि त्यांचे भाषांतर

१/ धागा.
‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या चित्रपटातील एक चौकट आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेली असेल. अशोक सराफ यांचा धनंजय माने, साडी नेसलेले लक्ष्मीकांत बेर्डे आणि चित्राच्या तळाशी पांढऱ्या अक्षरांत चार शब्द : ‘हा माझा बायको पार्वती’. हे चित्र मराठी न जाणणाऱ्या मित्राला पाठवायचे ठरवा. चार सोपे शब्द आहेत, अवघड असा एकही नाही. इंग्रजीत मांडले तर ‘धिस इज माय वाइफ पार्वती’. भाषांतर बिनचूक झाले आणि विनोद मात्र नाहीसा झाला. तो नेमका कुठे होता आणि कुठे सांडला, हे शोधताना आपल्याला एकोणिसाव्या शतकातील मुंबई, एक जपानी व्हिडिओ गेम आणि २००७ सालचे एक मांजर, असा वळसा घालावा लागेल.

२/ चित्राला शब्द जोडून हसवण्याचा उद्योग इंटरनेटहून फार जुना आहे, आणि त्याच्या भाषांतराचा प्रश्नही. लंडनचे ‘पंच’ साप्ताहिक १८४१ साली निघाले. त्याचे नाव आले कठपुतळीच्या खेळातील बाकदार नाकाच्या, भांडखोर मिस्टर पंचवरून. मुंबईत पारशी मंडळींनी त्याच धर्तीवर पत्र काढले. आधी ‘पारसी पंच’ आणि पुढे ‘हिंदी पंच’. नावात ‘हिंदी’ असले तरी ते हिंदी भाषेतले नव्हते. येथे हिंदी म्हणजे हिंदुस्थानचा. पत्र इंग्रजी व गुजराती अशा दोन भाषांत चाले आणि व्यंगचित्रांना दोन्ही भाषांत मजकूर असे.

३/ या पत्राच्या सूत्रधाराचे नाव होते ‘पंचोबा’. हे नाव एकदा मोठ्याने उच्चारून पाहा. विठोबा, खंडोबा, म्हसोबा यांच्या पंक्तीला बसणारा ‘बा’ लागताच लंडनच्या रस्त्यावरची कठपुतळी आपल्या गावच्या पारावर येऊन बसते. शिवाय ‘पंच’ हा शब्द आपल्याकडे आधीपासून होताच : गावाचा निवाडा करणारा, दोन्ही बाजू ऐकून घेणारा. इंग्रजी पंच दंगेखोर होता, आपला पंच न्यायनिवाडा करणारा. ध्वनी एकच, पण संदर्भ बदलला आणि पात्राचा स्वभावही बदलला. पुढे जे सांगायचे आहे त्याचे बीज इथेच आहे.

४/ मात्र ‘हिंदी पंच’च्या संपादकांना एक सोय होती, जी आजच्या मीमच्या भाषांतरकाराला नाही. त्यांच्या विनोदाचा बराचसा मजकूर चित्राच्या चौकटीखाली छापला जाई. चौकटीखाली जागा असते. तिथे दोन लिपी एकाखाली एक बसतात, एखादा खुलासा घालता येतो, वाक्य लांबले तरी चित्राला धक्का लागत नाही. व्यंगचित्रात पात्राच्या अंगरख्यावर किंवा हातातल्या गाठोड्यावर लिहिलेला शब्द मात्र असा हलवता येत नाही. तो चित्राचाच अवयव असतो. मजकूर चित्राखाली आहे, चित्रावर आहे की चित्राच्या आतल्या जगात आहे, या एका गोष्टीवर भाषांतरकाराचे स्वातंत्र्य अवलंबून असते. मीमच्या बाबतीत पहिली पायरी म्हणजे ही जागा ओळखणे.

५/ आता जपानकडे वळू. ‘तोआप्लान’ या कंपनीने १९८९ साली ‘झीरो विंग’ नावाचा अवकाशयुद्धाचा आर्केड गेम काढला. पुढे सेगाच्या ‘मेगा ड्राइव्ह’ या घरगुती यंत्रासाठी त्याचे रूपांतर झाले. त्यात कथानकाची ओळख करून देणारा एक प्रारंभीचा प्रसंग होता आणि युरोपात विकलेल्या आवृत्तीत या प्रसंगातील जपानी संवादांच्या जागी इंग्रजी संवाद आले. ‘कॅट्स’ नावाचा खलनायक अंतराळयानाच्या पडद्यावर प्रकट होतो आणि एक वाक्य उच्चारतो : ‘ऑल युअर बेस आर बिलाँग टू अस’.

६/ ज्यांना इंग्रजी व्याकरणाचा थोडाही सराव आहे त्यांना हे वाक्य टोचते. ‘बेस’ एकवचनी, त्याला ‘आर’ अनेकवचनी, आणि ‘आर’ व ‘बिलाँग’ ही दोन क्रियापदे एकमेकांच्या अंगावर पडलेली. मराठीत याची जातकुळी सांगायची तर ‘तुमचा सगळा तळ आमचे मालकीचा आहेत’ असे काहीसे होईल. विश्वविजयाला निघालेला दैत्य असे बोलू लागला तर भीती वाटायची कशी?

७/ मूळ जपानी वाक्य मात्र मुळीच बोबडे नव्हते. खलनायक म्हणतो : ‘रेनपो सेइफुगुन नो गो-क्योऱ्योकु नि योरी, किमिताची नो किची वा, सुबेते कॅट्स गा इतादाइता’. अर्थ असा की संघराज्याच्या सैन्याच्या सहकार्याने तुमचे सर्व तळ आता कॅट्सने घेतले आहेत. यातील ‘गो’ हा आदरार्थी उपसर्ग आहे आणि ‘इतादाइता’ हे नम्रपणे काही स्वीकारताना वापरायचे क्रियापद आहे. म्हणजे लूट करून वर आभार मानण्याचा हा थाट आहे. मराठीत त्याला चांगली जोड मिळते : ‘आपल्या सैन्याच्या कृपेने आपले सर्व तळ आम्हांस प्राप्त झाले आहेत.’ आपल्याकडे ‘आपण’ आहे, ‘प्राप्त होणे’ आहे, बखरीतला दरबारी उपहास आहे. इंग्रजीत ही आदराची सोंगटी नाही. तिथे तो कुत्सितपणा शब्दयोजनेने वेगळा घडवावा लागला असता. तो घडवला गेला नाही, आणि मोडके व्याकरण तेवढे उरले.

८/ पण गंमत पुढे आहे. त्या मोडक्या वाक्यावरच २००० ते २००१ या काळात इंटरनेटवर लोक तुटून पडले. रस्त्यावरच्या पाट्या, दुकानांचे फलक, जाहिराती, वर्तमानपत्रांचे मथळे यांची छायाचित्रे घेऊन त्यांवरचा मूळ मजकूर पुसायचा आणि तिथे हे वाक्य बसवायचे. २००१ च्या फेब्रुवारीत अशा चित्रांची मालिका संगीतावर गुंफलेली एक चित्रफीत जगभर फिरली. मीम हा शब्द तेव्हा सर्वतोमुखी झालेला नव्हता, पण वस्तू तीच होती.

९/ येथे मजकुराची जागा पुन्हा नीट पाहा. वाक्य चित्रावर चिकटवलेले नाही, ते चित्राच्या जगात शिरलेले आहे. महामार्गावरचा फलकच जणू ते बोलतो. विनोद दोन गोष्टींच्या घर्षणातून निघतो : सरकारी फलकाचा गंभीर चेहरा आणि त्यावरचे मोडके इंग्रजी. याचे मराठीकरण करायचे असेल तर तीन गोष्टी साधाव्या लागतील. वाक्य मोडके हवे, फलक अधिकृत दिसायला हवा आणि ते मोडकेपण भाषांतरातून आलेले आहे हे वाचकाला कळायला हवे. तिसरी गोष्ट आपल्याला नवी नाही. परप्रांतीय कंपन्यांच्या वेष्टनांवर छापलेले यांत्रिक मराठी आपण रोज वाचतो. एखाद्या पाकिटावर ‘कृपया थंड जागेत ठेवा’ऐवजी ‘कृपा करून मस्त ठिकाणी पाळा’ अशा थाटाचे काही छापलेले असेल, तर ‘झीरो विंग’च्या वाक्याचा तो सख्खा भाऊ आहे. शब्दशः भाषांतराने हे साधणार नाही. ‘तुमचे सर्व तळ आमचे आहेत’ हे शुद्ध वाक्य म्हणजे विनोदाचे थडगे.

१०/ आता मांजर. जानेवारी २००७ मध्ये एरिक नाकागावा आणि कारी उनेबासामी यांनी हवाई बेटांवरून एक संकेतस्थळ सुरू केले. त्याचे नाव आणि त्याचे मूळ चित्र एकच : तोंड उघडून आशेने पाहणारे एक करडे, गोलमटोल मांजर आणि त्यावर ‘आय कॅन हॅज चीझबर्गर?’ हा प्रश्न. चित्रावर ठळक अक्षरांत मजकूर बसवण्याच्या या प्रकाराला ‘इमेज मॅक्रो’ म्हणतात. हे नाव चर्चापीठांवरच्या संगणकी बोलीतून आले. मॅक्रो म्हणजे एक छोटी आज्ञा, जी दिली की ठरलेली मोठी गोष्ट आपोआप उमटते. इथे आज्ञा दिली की ठरलेले चित्र उमटे.

११/ ‘आय कॅन हॅज’ मधील चूक अजाणतेपणी झालेली नाही. ‘हॅव’च्या जागी ‘हॅज’ घालून लेखकाने मांजराला लहान मुलाची भाषा दिली आहे. हे मराठीत आणताना पुष्कळ जण पहिली चूक करतात ती शुद्धलेखन बिघडवण्याची. इंग्रजीत ‘चीझ’चे स्पेलिंग बिघडले की ते गोंडस वाटते. मराठीत ‘आणि’चे ‘आणी’ किंवा ‘पाणी’चे ‘पाणि’ केले तर कोणी हसत नाही, उलट लिहिणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घ येत नाही असे वाटते आणि प्रतिसादांत व्याकरणाचा तास सुरू होतो. आपल्याकडे गोंडसपणाची जागा उच्चारात आहे, बोबड्या बोलांत आहे : ‘मला चीजबलगल मिलेल?’ र चा ल झाला की मांजर लगेच तीन वर्षांचे होते. चुकीचे भाषांतर चुकीनेच करायचे, पण आपल्या भाषेत प्रेमाने माफ केली जाणारी चूक कोणती, हे ओळखून.

१२/ अशा चित्रांवरची ती जाडजूड पांढरी, काळ्या कडांची अक्षरे आठवतात ना? तो ‘इम्पॅक्ट’ फॉन्ट. जेफ्री ली यांनी १९६५ साली तो आरेखित केला आणि शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक या ओतशाळेने तो धातूच्या खिळ्यांत आणला. जाहिरातींच्या मथळ्यांसाठी तो होता. कमी रुंदीत जास्तीत जास्त शाई बसवावी आणि दुरून दिसावे, हा त्याचा हेतू. १९९६ साली मायक्रोसॉफ्टने वेबसाठी जे मोजके फॉन्ट मोफत उपलब्ध करून दिले त्यांत तो होता, म्हणून तो बहुतेकांच्या संगणकात आयता आला. पांढरे अक्षर आणि काळी कड यांचे कारणही साधे आहे. खालचे छायाचित्र उजळ असो वा गडद, अक्षर वाचता येते.

१३/ मांडणीचा संकेतही ठरून गेला : वरच्या ओळीत प्रस्तावना, खालच्या ओळीत टोला. मध्ये चित्र. वाचकाची नजर वरून निघते, चेहऱ्यावरून जाते आणि खाली आपटते. हा तिघांचा क्रम आहे, दोन ओळींचा नव्हे. वरचे वाक्य वाचून मनात एक अपेक्षा तयार होते, चेहरा तिला किंचित वळण देतो आणि तळाची ओळ ती मोडते. भाषांतर करताना टोल्याचा शब्द वरच्या ओळीत गेला तर चित्र पाहण्याआधीच विनोद संपलेला असतो.

१४/ इंग्रजी आणि मराठी यांची वाक्यरचना इथे एकमेकींना आडवी येते. इंग्रजीत क्रियापद लवकर येते आणि कर्म मागाहून. मराठीत क्रियापद शेवटी. ‘मी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायला घेतले’ हे वाक्य दोन ओळींत तोडले की मराठीत ‘वाचायला घेतले’ तळाशी येते आणि इंग्रजीत ‘परीक्षेच्या आदल्या रात्री’ तळाशी जाते. टोला वेळेत असेल तर इंग्रजी क्रम सोयीचा, टोला कृतीत असेल तर मराठी. आपली भाषा सुदैवाने लवचीक आहे. ‘वाचायला घेतले... परीक्षेच्या आदल्या रात्री’ असेही आपण बोलतोच. म्हणून मूळ वाक्याचा क्रम जपण्यापेक्षा शेवटचा शब्द जपावा, असे मी म्हणेन.

१५/ एवढी सामग्री हाताशी घेऊन आता पार्वतीकडे परत जाऊ.
सचिन पिळगावकर दिग्दर्शक, वसंत सबनीस लेखक. भाड्याने खोली मिळत नाही म्हणून चार मित्रांपैकी दोघे बायकांचे सोंग घेतात आणि लीलाबाई काळभोर यांच्या घरी दोन जोडपी म्हणून राहायला जातात. परशुराम झाला पार्वती, धनंजयची बायको. तिची ओळख करून देताना धनंजयची जीभ घसरते आणि तो ‘ही माझी’ऐवजी ‘हा माझा’ म्हणून जातो.

१६/ घसरण किती ठिकाणी झाली आहे ते मोजा. ‘हा’ पुल्लिंगी. ‘माझा’ही पुल्लिंगी. मग ‘बायको’, जी मराठीत निःसंशय स्त्रीलिंगी. डोळ्यांसमोर पुरुष आहे म्हणून पहिला शब्द पुल्लिंगी निघाला, आणि एकदा ‘हा’ निघाल्यावर जीभ त्याच रुळावरून ‘माझा’पर्यंत धावली. तिसऱ्या शब्दाला खोटे आठवले. चार शब्दांपैकी पहिले दोन खरे बोलतात आणि नंतरचे दोन खोटे. विनोद साडीत नाही, तो या सांध्यात आहे. म्हणूनच केवळ चित्र पाहणाऱ्या परभाषिकाला वाटते की पुरुषाने साडी नेसली यालाच आपण हसत आहोत. तो बिचारा सौजन्याने हसतो.

१७/ आता एकेक भाषा घेऊ. कोंकणीत काम सोपे आहे. तिथे ‘हो’ आणि ‘ही’, ‘म्हजो’ आणि ‘म्हजी’ असा भेद आहे, तेव्हा ‘हो म्हजो बायल’ म्हटले की दोन्ही घसरणी जशाच्या तशा उतरतात. गोव्यातल्या मित्राला खुलासा द्यावा लागणार नाही.

१८/ हिंदीत पहिली अडचण. ‘यह’ला लिंग नाही, म्हणून घसरण एकट्या ‘मेरा’वर येते : ‘यह मेरा बीवी पार्वती’. वरवर पाहता निम्मा विनोद वाचला. पण खरे संकट निराळे आहे. ‘मेरा बीवी’ हे हिंदी कानाला कसे ऐकू येते? जीभ घसरल्यासारखे नव्हे, तर हिंदी न येणाऱ्या माणसाच्या बोलण्यासारखे. लिंगाची गफलत करणारा परप्रांतीय ही हिंदी चित्रपटांतली जुनी, घासलेली युक्ती आहे. म्हणजे मराठीत धनंजय खोटे बोलताना सापडतो, हिंदीत तो फक्त अडाणी ठरतो. हसू येईलही, पण ते वेगळ्या माणसाला आलेले असेल. म्हणून हिंदीत घसरण दुरुस्त करून दाखवणे भाग आहे : ‘यह मेरा... मेरी बीवी, पार्वती’. अडखळण दिसली की अडाणीपणाचा संशय फिटतो.

१९/ बांगला भाषेत तर व्याकरणाने दारच बंद केले आहे. तिथे ‘हा’ आणि ‘ही’ असा भेद नाही, ‘माझा’ आणि ‘माझी’ असा नाही, ‘तो’ आणि ‘ती’ असाही नाही. ‘ए आमार बोउ’ एवढेच, त्यात घसरायला जागा नाही. इथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. या मराठी चित्रपटाचा आधार होता हृषीकेश मुखर्जी यांचा ‘बीवी और मकान’ (१९६६) आणि त्याच्या मागे होता ‘जय मा काली बोर्डिंग’ (१९५५) हा बांगला चित्रपट. कथा ज्या भाषेतून निघाली, त्या भाषेत मराठीतले हे चार शब्द परत नेता येत नाहीत. भाड्याच्या खोलीची अडचण कोलकात्याहून आली, ‘हा माझा’ मात्र मराठीच्या पोटी जन्मला.

२०/ मग बंगाली मित्राला सांगायचे कसे? बांगलात पुरुषपण सर्वनामात नसते, पण संबोधनात असते. वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावापुढे ‘दा’ लागतो. तेव्हा घसरण तिथे न्यावी लागेल : ‘ए आमार बोउ, परशुदा... माने, पार्वती’. विनोद पहिल्या शब्दावरून उठून नावावर जाऊन बसला. परशुराम हे मूळ नाव मध्येच डोकावले, ही वरकड कमाई.

२१/ इंग्रजीचे भाषांतर मला सर्वांत उद्बोधक वाटते, कारण तिथे मजकुराची जागाच बदलते. ‘धिस’ला लिंग नाही, ‘माय’ला नाही. लिंग फक्त ‘ही’ आणि ‘शी’ या सर्वनामांत आहे, आणि ती ओळख करून दिल्यानंतरच्या वाक्यात येतात. म्हणजे दुसरे वाक्य निर्माण केल्यावाचून इंग्रजीत जीभ घसरूच शकत नाही. मी पुष्कळ खटाटोपानंतर असे केले : चित्राच्या माथ्यावर ‘मीट माय वाइफ, पार्वती’ आणि तळाशी ‘ही’ज शाय’. मराठीत अर्थ : ही माझी बायको पार्वती. तो जरा लाजाळू आहे. मराठी मीममध्ये एकच ओळ पुरते आणि टोला पहिल्या अक्षराला बसतो. इंग्रजीत दोन ओळी लागतात आणि टोला चित्र ओलांडून तळाच्या पहिल्या शब्दावर येतो. ‘लाजाळू’ मूळ वाक्यात कुठेच नाही, याची मला जाणीव आहे. पण पदर सावरत उभ्या असलेल्या बेर्डे यांच्याकडे पाहून तो शब्द चित्रातूनच घेतला आहे. मीमच्या भाषांतरात चित्र हेही मूळ संहितेचा भाग असते, म्हणून ही उचल मला क्षम्य वाटते. कोणास अधिक चांगले सुचले तर मी माझी ओळ मागे घेईन.

२२/ इथवर आपण चित्रपटातील वाक्याचे भाषांतर केले. मीमचे भाषांतर अद्याप बाकी आहे. कारण लोक हे चित्र चित्रपटाबद्दल बोलण्यासाठी पाठवत नाहीत. समजा वर लिहिले आहे : ‘सोयाबीनचे गोळे पुढे करत हॉस्टेलचा आचारी’, आणि खाली तेच चार शब्द. आता अर्थ झाला : सर्वांना दिसणारे खोटे, निर्ढावलेल्या चेहऱ्याने सांगितलेले. हा अर्थ पोहोचवायचा तर ‘ही’ज शाय’ उपयोगाचे नाही. अमराठी मित्राला त्याच्या ओळखीचे, तशाच उघड्या बनवाबनवीचे दुसरे चित्र द्यावे लागेल आणि धनंजय मानेंना रजा द्यावी लागेल.

२३/ जर्मन अभ्यासक ख्रिस्तियाने नॉर्ड यांनी भाषांतराचे दोन हेतू वेगळे केले आहेत. एक, मूळ गोष्ट तिथे काय होती याचा दाखला देणारे. दुसरे, नव्या वाचकासमोर तेच काम करून दाखवणारे. मीमच्या बाबतीत या दोहोंची गल्लत फार होते. गटात हसवायचे असेल तर खुशाल चित्र बदला. पण २०२० च्या सुमारास मराठी तरुण कशाला हसत होते हे उद्याच्या अभ्यासकासाठी नोंदवायचे असेल, तर चित्र तेच ठेवा, मूळ मजकूर तसाच राहू द्या आणि ‘हिंदी पंच’प्रमाणे चौकटीखाली भाषांतर व खुलासा लिहा. तेव्हा विनोद मेला तरी चालेल, दाखला जिवंत राहिला पाहिजे.

२४/ थोडे कारागिरीचे बोलू, कारण उलट दिशेने म्हणजे इंग्रजीतून मराठीत येताना पुष्कळ मीम इथेच फसतात. ‘इम्पॅक्ट’मध्ये देवनागरी नाही. त्याचा सारा रुबाब मोठ्या लिपीच्या अक्षरांचा आहे, सर्व अक्षरे एका उंचीची, विटांच्या भिंतीसारखी. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, आणि अक्षरे एका उंचीची तर नाहीतच. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. तीच जाडी आणि तीच काळी कड देवनागरीला लावली की रफार आणि अनुस्वार यांच्यातली फट बुजते आणि ‘वर्षां’चा डोक्यावर काळा गोळा होतो. उपाय साधा आहे : फॉन्ट एक पायरी बारीक घ्यावा, कड अर्धी करावी, दोन ओळींत अंतर वाढवावे आणि शब्द कमी करावेत. मग चित्र अंगठ्याच्या नखाएवढे करून पाहावे. तेवढ्यात वाचता आले तर ठीक.

२५/ दुसरा दोष ओळखायला सोपा आहे. जुन्या किंवा देवनागरीची जोडणी न कळणाऱ्या चित्रसंपादकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते आणि जोडाक्षरे फुटून त्यांचे पाय मोडलेले दिसतात. ‘स्थिती’ सारखा शब्द तपासायला उत्तम, त्यात दोन्ही गोष्टी आहेत. मजकूर चित्रात एकदा मुरला की तो अक्षर राहत नाही, रंगाचे ठिपके होतो. चुकीची दुरुस्ती करायची तर खालचा चेहरा पुन्हा रंगवावा लागतो. म्हणून कोऱ्या चित्राची प्रत निराळी जपून ठेवावी.

२६/ शेवटी त्याच चित्रपटातील दुसरी चौकट. घरमालक सरपोतदारांनी मधुमेहावरच्या इस्रायली औषधासाठी दिलेले सत्तर रुपये. औषध देणारा गेला आणि धनंजय गंभीर चेहऱ्याने सांगतो की सत्तर रुपये वारले. ‘वारणे’ हे माणसासाठीच, तेही अदबीने वापरायचे क्रियापद. रुपये सत्तर म्हणून ‘वारले’ हे अनेकवचन, पण ‘आजोबा वारले’ मधले आदरार्थी रूपही नेमके तेच. ऐकणाऱ्याच्या कानी दोन्ही पडतात आणि नोटांना सन्मानाने तिरडीवर ठेवले जाते. हिंदीत ‘सत्तर रुपये गुज़र गए’ म्हटले तर हे जवळजवळ सारे उतरते. इंग्रजीत ‘पास्ड अवे’ने अदब येते, आदरार्थी अनेकवचन येत नाही.

२७/ पण या चौकटीला भाषांतर लागते ते केवळ परभाषिकांसाठी नव्हे. १९८८ साली भाडेकरूने बुडवलेले सत्तर रुपये घरमालकाच्या जिवाला लागावेत एवढे होते. आज तेवढ्यात दोन वडापाव आणि चहा येतो. विशीतला मराठी वाचक ‘वारले’ला हसतो, ‘सत्तर’ला हसत नाही, आणि सरपोतदारांचा संताप त्याला अतिरेकी वाटतो. रक्कम बदलून सात हजार करावी काय? मी करणार नाही. वाक्याची लय ‘सत्तर’वर उभी आहे, आणि तो आकडाच या चित्राचे साल सांगतो. चौकटीखाली एक ओळ जोडावी : ‘तेव्हाचे सत्तर’.

२८/ मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी आणि विशेषतः तंजावरच्या मराठीत ‘हा माझा बायको’ कसे होईल, तिथे जीभ कोणत्या शब्दावर घसरेल, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी खाली लिहावे. शक्य असल्यास ओळ चित्राच्या माथ्यावर टाकली की तळाशी, तेही सांगावे.